‘तरी’ला जर्मनमध्ये दोन घरं

सांगलीकडची एक परिचारिका श्टुटगार्टजवळच्या एका वृद्धाश्रमात काम करते आणि दर रविवारी सकाळी माझ्याकडे जर्मन घासायला येते. एकदा ती कागदावर उतरवून घेतलेलं एक वाक्य घेऊन आली. पाळी संपताना प्रत्येक रुग्णाबद्दल जी नोंद लिहायची असते, त्यातलं ते होतं. तिच्या मनातलं मराठी वाक्य असं: आजींना सहा वाजता वेदनाशामक दिलं, तरी त्यांचं दुखतंय. तिनं लिहिलेलं जर्मन असं: ‘डी पात्सिएन्टिन हाट श्मेर्त्सन, ट्रॉट्सडेम हाट झी उम् आख्टत्सेन ऊर आइन श्मेर्त्समिटल बेकोमन.’ रात्रपाळीच्या जर्मन सहकारिणीनं ते वाचलं आणि विचारलं, ‘दुखत होतं, तर औषध द्यायला हरकत काय होती?’

‘ताई, व्याकरणात काय चुकलंय सांगा की,’ ती म्हणाली. खरं तर व्याकरणात काहीच चुकलेलं नव्हतं. क्रियापद जागेवर, विभक्ती बरोबर, स्वल्पविराम बरोबर. पण त्या वाक्याचा अर्थ असा होतो: आजींना दुखतंय, आणि असं असूनही त्यांना औषध दिलं. दुखणं हाच जणू औषध देण्यातला अडथळा. सगळे शब्द बरोबर, पण अर्थ नेमका उलटा. ही चूक तपासनीस लाल शाईनं दाखवेलच असं नाही, म्हणून ती मला इतर चुकांपेक्षा जास्त काळजीची वाटते.

महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. श्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. तेव्हापासून परिचर्या, फिजिओथेरपी, वीजकाम शिकलेली मराठी मुलं-मुली जर्मनच्या वर्गात दिसू लागली आहेत. त्यांना हा धडा साधारण बी-वन पातळीला भेटतो. पुस्तकात ऑपवोल, ट्रॉट्स आणि ट्रॉट्सडेम हे तीन शब्द एका चौकटीत छापलेले असतात आणि समोर इंग्रजी अर्थ: ऑल्दो, डिस्पाइट, हाउएव्हर किंवा नेव्हरदलेस. मराठी माणूस तिन्हींच्या समोर मनातल्या मनात एकच शब्द लिहितो: ‘तरी’. घोटाळ्याला सुरुवात तिथंच होते.

आपला ‘तरी’ कसा वागतो ते आधी पाहू. ‘पाऊस पडत असला तरी तो गेला.’ इथं ‘तरी’ अडथळ्याच्या वाक्याला शेवटी चिकटलेला आहे. आता हे बघा: ‘पाऊस पडत होता. तरी तो गेला.’ इथं ‘तरी’ पुढच्या वाक्यात, म्हणजे अडथळा असूनही जे घडलं त्याच्या सुरुवातीला आहे. बोलताना आपण कुठं थांबतो आणि आधीचं क्रियापद ‘असला’ आहे की ‘होता’, एवढ्यावरून ऐकणाऱ्याला कळतं. शब्द तोच राहतो. शिवाय ‘जरी पाऊस पडत होता तरी तो गेला’ असं म्हटलं की दोन्ही बाजूंना खुणेचा एकेक शब्द येतो, आणि मराठीत ते अगदी रीतसर आहे.

जर्मनमध्ये मात्र या दोन जागांना दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. ऑपवोल अडथळ्याच्या वाक्यात राहतो. ट्रॉट्सडेम अडथळ्याला न जुमानता जे घडलं त्याच्या वाक्यात राहतो. माझ्या विद्यार्थिनीनं आधी ‘दुखतंय’ लिहिलं आणि मग ‘तरी’ म्हणून ट्रॉट्सडेम टाकून ‘औषध दिलं’ लिहिलं. तिला ट्रॉट्सडेमच वापरायचा असता तर क्रम उलटा हवा होता: आधी औषध, मग ट्रॉट्सडेम, मग दुखणं. आणि ‘दुखतंय’नंच सुरुवात करायची होती तर मध्ये ऑपवोल हवा होता.

मी तिला एकच प्रश्न विचारायला शिकवलं. लिहायला बसण्याआधी मनात ठरवायचं, या दोन गोष्टींतला अडथळा कोणता? इथं अडथळा म्हणजे औषध, कारण औषध दिल्यावर दुखायला नको होतं. दुखणं हे अनपेक्षित फळ. एवढं ठरलं की शब्द आपोआप ठरतो. औषधाच्या वाक्याला जोडायचा असेल तर ऑपवोल, दुखण्याच्या वाक्याला जोडायचा असेल तर ट्रॉट्सडेम. ‘तरी’चं भाषांतर करायला गेलं की फसगत होते, कारण ‘तरी’ कुठल्या बाजूचा हे तो शब्द एकटा सांगत नाही.

आता प्रत्येक शब्दाच्या मागे काय यावं लागतं ते पाहू. इथं शाळेतलं मराठी व्याकरण उपयोगी पडतं. उभयान्वयी अव्यय दोन वाक्यं जोडतं, शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतं आणि क्रियाविशेषण एकाच वाक्याच्या आत राहतं. ऑपवोल आणि इंग्रजीतला ऑल्दो हे उभयान्वयी आहेत, त्यांच्यामागे कर्ता-क्रियापदासह पूर्ण वाक्य येतं. ट्रॉट्स, डिस्पाइट आणि इन स्पाइट ऑफ हे शब्दयोगीच्या जातीचे आहेत, फक्त आपले नामानंतर येतात आणि हे नामाआधी. त्यांच्यामागे नाम लागतं, वाक्य चालत नाही. ट्रॉट्सडेम आणि हाउएव्हर वागतात क्रियाविशेषणासारखे. अर्थानं ते मागच्या वाक्याकडे बोट दाखवतात, पण व्याकरणानं ते त्याला जोडलेले नसतात.

तेच वाक्य ऑपवोलनं लिहू: ‘ऑपवोल डी पात्सिएन्टिन उम् आख्टत्सेन ऊर आइन श्मेर्त्समिटल बेकोमन हाट, हाट झी श्मेर्त्सन.’ ऑपवोल आला की त्या वाक्याचं क्रियापद शेवटी ढकललं जातं. ‘मिळालेलं आहे’ मधला ‘आहे’ म्हणजे ‘हाट’, तो शेवटी. मराठी माणसाला हे सोपं जायला हवं, कारण आपलं क्रियापद शेवटीच बसतं. रुग्ण, वेळ, औषध, मग क्रियापद: ‘रुग्णाला अठरा वाजता वेदनाशामक मिळालेलं आहे.’ मी विद्यार्थ्यांना सांगते, ऑपवोलनंतर डोक्यात मराठी वाक्यरचना राहू द्या. जर्मनमध्ये असा सल्ला देण्याची संधी फार वेळा मिळत नाही.

अडचण स्वल्पविरामानंतर येते. ऑपवोलचं आख्खं वाक्य हे मुख्य वाक्याचं पहिलं पद धरलं जातं. जर्मन मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी असावंच लागतं, म्हणून ते स्वल्पविरामानंतर लगेच येतं आणि कर्ता त्याच्या मागे जातो. परिणामी स्वल्पविरामाच्या दोन बाजूंना दोन क्रियापदं समोरासमोर उभी राहतात: ‘... बेकोमन हाट, हाट झी ...’ ऑपवोलनं सुरू केलेलं वाक्य लिहून झालं की स्वल्पविरामाकडे बघायचं. दोन्हीकडे क्रियापद असेल तर रचना बरोबर. स्वल्पविरामानंतर ‘झी हाट’ दिसलं तर चूक. परीक्षेत शेवटच्या दोन मिनिटांतही ही तपासणी होऊ शकते.

इथंच आपली जोडीची सवय आडवी येते. ‘जरी’ म्हटलं की ‘तरी’ म्हटल्याशिवाय आपल्याला वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही. म्हणून ‘ऑपवोल ..., ट्रॉट्सडेम हाट झी श्मेर्त्सन’ असं लिहिलं जातं. ते चुकतं, कारण ट्रॉट्सडेमनं पहिली जागा घेतली, आणि ती ऑपवोलच्या वाक्यानं आधीच घेतलेली आहे. बोलताना जर्मन माणूस ‘ऑपवोल ..., हाट झी ट्रॉट्सडेम श्मेर्त्सन’ म्हणतो. तिथं ट्रॉट्सडेम क्रियापदाच्या मागे वाक्याच्या पोटात आहे, म्हणून ते खपतं. लिहिताना त्याची गरज नसते. इंग्रजीतही आपण हेच करतो: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट.’ हा ‘बट’ म्हणजे आपला ‘तरी’. ऑल्दोनं काम केलेलं असतं, बट काढायचा. ऑल्दोच्या जोडीला ‘यट’ किंवा ‘स्टिल’ चालतो, कारण ते क्रियाविशेषण म्हणून बसू शकतात. शाळेत आपण पण-परंतु न्यूनत्वबोधकात शिकलो आणि जरी-तरी संकेतबोधकात. ते दोन कप्पे इंग्रजी लिहिताना एकत्र होतात.

ट्रॉट्सडेमची रचना वाचायला सोपी दिसते: ‘डी पात्सिएन्टिन हाट उम् आख्टत्सेन ऊर आइन श्मेर्त्समिटल बेकोमन. ट्रॉट्सडेम हाट झी श्मेर्त्सन.’ दोन स्वतंत्र वाक्यं. ट्रॉट्सडेम पहिल्या जागी, म्हणून क्रियापद लगेच दुसऱ्या जागी, मग कर्ता. आपली मुलं बहुतेक ‘ट्रॉट्सडेम झी हाट’ म्हणतात, कारण ‘तरी ती’ किंवा ‘हाउएव्हर, शी’ हा क्रम कानात बसलेला असतो. हाउएव्हरनंतर इंग्रजीत स्वल्पविराम येतो आणि वाक्य पुन्हा कर्त्यापासून सुरू होतं. ट्रॉट्सडेमनंतर स्वल्पविराम येत नाही. तो वाक्याबाहेर उभा नसतो, वाक्याचीच पहिली जागा अडवून बसलेला असतो.

विरामचिन्हांची उलट बाजूही आहे, आणि ती जर्मनीत राहून ऑफिसात इंग्रजी लिहिणाऱ्यांना नडते. जर्मनमध्ये दोन पूर्ण वाक्यांमध्ये स्वल्पविराम देऊन पुढे ट्रॉट्सडेम लिहिलं तर ते शुद्ध असतं. त्याच सवयीनं इंग्रजीत ‘शी वॉज गिव्हन अ पेनकिलर, हाउएव्हर शी इज इन पेन’ असं लिहिलं जातं. इंग्रजीत ते अशुद्ध आहे. हाउएव्हर दोन वाक्यं जोडू शकत नाही, म्हणून आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा आणि नंतर स्वल्पविराम. माझे जर्मन शेजारीही इंग्रजी लिहिताना हीच चूक करतात. हाउएव्हरला जर्मनमध्ये अर्थानं सर्वांत जवळचा शब्द खरं तर येडोख. तो वाक्याच्या पोटात बसवला की काहीच बिघडत नाही: ‘झी हाट येडोख श्मेर्त्सन.’ पण येडोख नुसता विरोध दाखवतो, ‘मात्र’सारखा. अडथळा मोडून काही घडलं, हा ट्रॉट्सडेममधला जोर त्यात नाही.

राहिला ट्रॉट्स. ‘ट्रॉट्स डेस श्मेर्त्समिटल्स हाट डी पात्सिएन्टिन श्मेर्त्सन.’ वेदनाशामकाला न जुमानता रुग्णाला वेदना आहेत. मागे फक्त नाम आणि ते षष्ठीत, म्हणून ‘डास’चा ‘डेस’ झाला आणि नामाला शेवटी ‘स’ लागला. हा संपूर्ण तुकडा वाक्याची पहिली जागा घेतो, लगेच क्रियापद. मध्ये स्वल्पविराम नाही, इंग्रजीत डिस्पाइटच्या तुकड्यानंतर आपण देतो तसा.

ट्रॉट्स हा मुळात अव्यय नव्हताच. तो नाम आहे आणि आजही जर्मनमध्ये त्याचा अर्थ हट्ट, न जुमानण्याची वृत्ती असा होतो. दोन-तीन वर्षांचं मूल प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ म्हणू लागलं की जर्मन आया त्याला ‘ट्रॉट्सफाझे’ म्हणतात, हट्टाचा काळ. म्हणजे ‘ट्रॉट्स’चं मराठी ‘असूनही’ करण्यापेक्षा ‘न जुमानता’ करणं मुळाला धरून आहे. आणि ‘न जुमानता’ला मराठीत काय लागतं? ‘पावसाला न जुमानता.’ चतुर्थीतही लागतो तोच ‘ला’. जर्मनमध्येही पूर्वी तसंच होतं, ट्रॉट्सला चतुर्थी लागत असे. ‘ट्रॉट्सडेम’ या शब्दात ती जुनी चतुर्थी जशीच्या तशी गोठलेली आहे: डेम म्हणजे ‘त्याला’. त्याला न जुमानता! ‘ट्रॉट्स आलेम’, सगळ्याला न जुमानता, हाही तसाच उरलेला अवशेष. पुस्तकी जर्मननं पुढे षष्ठी पत्करली आणि आज परीक्षेत तीच लिहायची. पण दक्षिण जर्मनीत, ऑस्ट्रियात, स्वित्झर्लंडमध्ये बोलताना चतुर्थी सर्रास ऐकू येते. श्टुटगार्टच्या रस्त्यावर ‘ट्रॉट्स डेम रेगन’ कानावर पडलं तर तो माणूस अडाणी आहे असं समजू नये. षष्ठी मागे हटते आहे या तक्रारीवर बास्टिआन झिक यांचं 2004 मध्ये निघालेलं एक पुस्तक जर्मनीत अफाट खपलं, त्याच्या नावाचाच अर्थ चतुर्थी हा षष्ठीचा मृत्यू आहे असा, आणि ते नावही मुद्दाम चतुर्थीच्या बोली रचनेत घातलेलं. मी विद्यार्थ्यांना सांगते, लिहा षष्ठीत, ऐका दोन्ही.

इंग्रजीतल्या एका हट्टी चुकीचं मूळही अशाच इतिहासात सापडतं. स्पाइट म्हणजे आकस, डिस्पाइट म्हणजे तुच्छता, आणि दोन्ही मुळात एकच नाम. ‘इन स्पाइट ऑफ’सारखंच पूर्वी ‘इन डिस्पाइट ऑफ’ म्हणत. डिस्पाइटनं पुढे आधीचा इन आणि नंतरचा ऑफ दोन्ही टाकून दिले, स्पाइटनं दोन्ही ठेवले. म्हणून एक तर दोन्ही, नाही तर एकही नाही. ‘डिस्पाइट ऑफ’ लिहिणारा अर्धाच शब्दप्रयोग उचलतो.

डिस्पाइटचा दुसरा सापळा मात्र खास आपला आहे. मराठीत ‘पाऊस पडूनही धरण भरलं नाही’ हे अगदी सरळ वाक्य आहे. पडणारा पाऊस, न भरणारं धरण, कर्ते दोन, तरी ‘-ऊनही’ चालून जातं. तेच ‘-ऊनही’ आपण इंग्रजीत ‘डिस्पाइट’ आणि ‘-इंग’ असं नेतो. पण इंग्रजीत त्या ‘-इंग’चा कर्ता पुढच्या वाक्याचाच कर्ता मानला जातो. ‘डिस्पाइट गिव्हिंग अ पेनकिलर, द पेशंट इज इन पेन’ याचा अर्थ रुग्णानंच कोणाला तरी औषध दिलं आणि त्यालाच वेदना आहेत, असा होतो. ‘डिस्पाइट हॅविंग बीन गिव्हन अ पेनकिलर’ म्हटलं तर कर्ता एक होतो आणि वाक्य सुटतं. दोन कर्ते टाळता येत नसतील तर सरळ ऑल्दो घ्यावा. जर्मन ट्रॉट्समागे अशी धातूची रूपं येतच नाहीत. ‘देऊनही’ म्हणायचं असेल तर ‘देणं’चं नाम शोधावं लागतं, ‘गाबे’, किंवा ऑपवोलकडे वळावं लागतं.

मग या तिन्हींतून निवड कशी करायची? माझं मत असं, की वाचणाऱ्याला अडथळा आधीच माहीत असेल तर ट्रॉट्स घ्या, तो थोडक्यात आटपतो. पण नाम करताना कोणी, केव्हा, किती हे तपशील गळतात. ‘ट्रॉट्स डेस श्मेर्त्समिटल्स’मध्ये सहा वाजले होते हे राहिलं नाही, आणि नोंदवहीत तर पुढचा डोस कधी द्यायचा हे त्या सहावरच ठरणार. तपशील महत्त्वाचा असेल तर पूर्ण वाक्य हवं, म्हणजे ऑपवोल किंवा ट्रॉट्सडेम. ऑपवोलमध्ये औषधाचं वाक्य दुय्यम होतं आणि जोर दुखण्यावर जातो. ट्रॉट्सडेममध्ये दोन्ही वाक्यं बरोबरीची राहतात. घाईच्या नोंदीसाठी मी ट्रॉट्सडेमच सुचवते. घटना ज्या क्रमानं घडल्या त्याच क्रमानं लिहिल्या जातात, क्रियापद शेवटी नेण्याची कसरत नसते आणि अडथळा आधी आल्यामुळे अर्थ उलटा व्हायचा धोका कमी होतो.

पुढच्या रविवारी ती नवी नोंद दाखवायला घेऊन आली. अठरा वाजता वेदनाशामक दिलं, पूर्णविराम. ट्रॉट्सडेम साडेसात वाजताही डाव्या गुडघ्यात वेदना, पूर्णविराम. तिसऱ्या वाक्यात तिनं डॉक्टरांना कळवल्याची वेळ घातली होती. मला एकही अक्षर बदलावं लागलं नाही.

जाता जाता तिनं आणखी एक गोष्ट विचारली. खोलीत चहा-कॉफीच्या वेळी एक सहकारीण म्हणाली होती, कॉफी नको, आणि लगेच, ‘ऑपवोल, इष नेमे डोख आइने.’ इथं क्रियापद शेवटी का गेलं नाही? कारण हा ऑपवोल वेगळा आहे. बोलताना जर्मन माणूस आधीचं बोलणं मागे घ्यायला तो वापरतो, आपण ‘नको... अं, बरं, घेतेच एक’ म्हणतो तसा. त्यानंतर किंचित थांबतात आणि क्रियापद दुसऱ्या जागीच राहतं. म्हणजे क्रियापद कुठं आहे यावरूनच कळतं, समोरचा अडथळा सांगतोय की मत बदलतोय. ‘हा ऐकायचा,’ मी म्हटलं, ‘आणि कॉफीच्या वेळी बिनधास्त बोलायचा. नोंदवहीत मात्र क्रियापद शेवटी.’